पहारा बदलला त्या दुपारी

१५ सप्टेंबर २०२२. भारतात दुपारचे बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. ईथिरियम या साखळीचा १५५३७३९३ क्रमांकाचा ब्लॉक तयार झाला आणि जगभर रात्रंदिवस घरघरणाऱ्या लाखो ग्राफिक्स कार्डांचं काम त्या क्षणी संपलं. पुढचा ब्लॉक कोणी विजेच्या जोरावर खणून काढला नाही. ईथर हे चलन ठेव म्हणून अडकवून ठेवलेल्या एका व्हॅलिडेटरने तो मांडला, बाकीच्यांनी त्यावर सह्या केल्या आणि साखळी पुढे चालू लागली. कोणाच्या खात्यातली शिल्लक बदलली नाही, एकही व्यवहार हरवला नाही. चालत्या गाडीचं इंजिन काढून दुसरं बसवावं तसा हा बदल होता. त्याची तयारी १ डिसेंबर २०२० पासून उघडपणे चालू होती. त्या दिवसापासून नव्या पद्धतीची एक वेगळी साखळी जुन्या साखळीच्या शेजारी चालवून पाहिली जात होती.

प्रूफ ऑफ वर्क आणि प्रूफ ऑफ स्टेक यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण इथे एकाच वहीवर दोन्ही पहारे बसलेले दिसतात. शिवाय या साखळीला एक सख्खं भावंडही आहे. २०१६ च्या जुलैत एका मोठ्या चोरीनंतर चोरीचा पैसा परत फिरवावा की नाही, यावरून ईथिरियमच्या समाजात वाद झाला आणि वहीच्या दोन प्रती वेगळ्या वाटांनी निघाल्या. पैसा परत फिरवणारी ती ईथिरियम, आणि ‘लिहिलं ते लिहिलं’ म्हणणारी ती ईथिरियम क्लासिक. धाकटी साखळी आजही प्रूफ ऑफ वर्कवर, म्हणजे मायनिंगवरच चालते. तिच्यावर काय गुदरलं ते पुढे येईलच.

आधी मूळ अडचण पाहायला हवी. हजारो संगणकांवर एकाच हिशेबाच्या प्रती आहेत. वही सांभाळणारा मुनीम कोणी नाही आणि दाराशी ओळखपत्र विचारणाराही नाही. मग पुढचं पान कोणी लिहायचं? मतदान घ्यावं तर एकच माणूस बसल्या बसल्या दहा हजार खोटी नावं तयार करू शकतो. म्हणजे डोकी मोजून चालत नाही. ज्याची खोटी प्रत काढता येत नाही असं काहीतरी मोजावं लागतं. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये नकोशा ईमेलवर उपाय म्हणून सुचवलं होतं की पत्र पाठवणाऱ्याला आधी थोडी आकडेमोड करायला लावावी. एका पत्राला ती जड नाही, लाख पत्रांना मात्र परवडणार नाही. हीच कल्पना पुढे बिटकॉइनने हिशेबाच्या पहाऱ्याला लावली आणि ३ जानेवारी २००९ या तारखेच्या पहिल्या ब्लॉकपासून आजवर तीच चालू आहे.

मायनर करतो काय? तो नव्या व्यवहारांची जुडी बांधतो, तिला मागच्या ब्लॉकचा ठसा जोडतो, वर एक मनाजोगा आकडा लावतो आणि हे सगळं एका गणिती सूत्रातून काढतो. त्यातून एक लांबलचक संख्या बाहेर पडते. तिला हॅश म्हणतात. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली तर ब्लॉक मान्य. नाही आली तर आकडा बदलून पुन्हा तेच. कोणत्या आकड्याला काय उत्तर येईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून अक्कल चालत नाही, फक्त प्रयत्नांची संख्या चालते. पडताळणी मात्र क्षणात होते. उत्तर शोधायला कोट्यवधी कोटी प्रयत्न लागले असतील, पण ते बरोबर आहे का हे साधा लॅपटॉप एका झटक्यात तपासतो. या विषमतेवरच सारा डोलारा उभा आहे.

विजेचा प्रश्न इथेच सुरू होतो, आणि त्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘एका व्यवहाराला अमुक युनिट वीज लागते’ असे आकडे वृत्तपत्रांत सतत येतात आणि ते दिशाभूल करतात. वीज व्यवहारांवर खर्च होत नाही. ब्लॉकमध्ये दोनशे व्यवहार असोत की एकही नसो, हॅश शोधण्याचं काम तेवढंच असतं. वीज किती जळणार हे ठरतं बक्षिसावरून. सप्टेंबर २०२२ च्या संक्रमणापूर्वी ईथिरियम मायनरांना दिवसाला सुमारे १३ हजार नवे ईथर वाटत होती. ईथरचा भाव तेव्हा १,६०० डॉलरच्या आसपास होता. म्हणजे रोज सुमारे दोन कोटी डॉलर टेबलावर ठेवलेले. ते मिळवायला दीड कोटी डॉलरची वीज आणि यंत्रं लागत असतील, तर उरलेल्या फायद्यासाठी आणखी माणसं यंत्रं लावणार. खर्च कमाईला जवळजवळ भिडेपर्यंत हे चालतं. म्हणून यंत्रं काटकसरी झाली तरी एकूण वीज वाचेलच असं नाही. त्याच पैशांत अधिक यंत्रं लागतात आणि हॅश शोधण्याचं कोडं आपोआप अवघड होतं.

ही वीज किती होती याचा अंदाज कागदावर काढता येतो. संक्रमणाच्या सुमारास ईथिरियमवर दर सेकंदाला साधारण ९०० लाख कोटी हॅश काढले जात होते. त्या काळातलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सहा कोटी हॅश काढी आणि त्यासाठी सुमारे १३० वॅट घेई. भागाकार केला तर दीड कोटी कार्डं होतात. त्यांना लागणारी वीज १,९५० मेगावॅट. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे कोयनेचे सगळे टप्पे वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण ताकदीने चालवले असते, तर ती वीज या एका वहीच्या पहाऱ्याला जेमतेम पुरली असती. वर्षाला हे साधारण १७ अब्ज युनिट झाले. जुनी कार्डं अधिक वीज खातात, पंखे आणि संगणक वेगळी खातात. ते धरून क्रिप्टो कार्बन रेटिंग्ज इन्स्टिट्यूटने २३ अब्ज युनिटांच्या जवळपासचा आकडा काढला. आपलं कागदावरचं गणित त्याच्या आसपासच येतं, म्हणून तो विश्वासार्ह वाटतो.

संक्रमणानंतरचा त्याच संस्थेचा आकडा आहे वर्षाला सुमारे २६ लाख युनिट. महिन्याला ३०० युनिट वापरणारी सातशे-सव्वासातशे घरं एवढी वीज वापरतात. घट ९९.९ टक्क्यांहूनही जास्त. कोणतंही कोडं सोडवायचं नसल्यामुळे उरले ते काही हजार साधे संगणक, जे व्यवहार तपासतात आणि एकमेकांना निरोप देतात. बिटकॉइनने हा मार्ग घेतलेला नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात त्याचा वापर वर्षाला सुमारे १३८ अब्ज युनिट धरला आहे.

एवढं ऐकल्यावर कोणीही विचारेल की मग मायनिंग ठेवायचंच कशाला? मायनिंगचे समर्थक सांगतात की ही वीज वाया जात नाही, तीच तटबंदी आहे. खोटी साखळी रचायची तर प्रामाणिक मायनरांनी जाळली त्याहून अधिक वीज जाळावी लागते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण एका अटीवर, आणि ती अट धाकट्या भावंडाने उघड केली.

ईथिरियम क्लासिकचं कोडं थोरल्या साखळीच्या कोड्यासारखंच होतं. तीच ग्राफिक्स कार्डं दोन्हीकडे चालत, पण क्लासिकवर त्यांतला अगदी छोटा हिस्सा होता. हॅश काढण्याची ताकद तासांच्या हिशेबाने भाड्याने देणारे बाजारही होते. ३१ जुलै २०२० च्या रात्री एका हल्लेखोराने अशी ताकद भाड्याने घेतली आणि क्लासिकच्या साखळीला गुपचूप एक फांदी काढली. ही फांदी त्याने कोणालाच दाखवली नाही. उघड साखळीवर त्याने आपली नाणी एक्सचेंजमध्ये भरली, पुरेसे ब्लॉक उलटल्यावर एक्सचेंजने ती जमा धरली आणि मोबदला घेऊन तो बाहेर पडला. गुप्त फांदीत मात्र तीच नाणी त्याने स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेली होती. सुमारे अर्ध्या दिवसानंतर त्याने ३,६०० हून अधिक ब्लॉकांची ती फांदी एकदम जाहीर केली. जिच्यात काम जास्त ती साखळी खरी, हा नियम असल्यामुळे सगळ्या संगणकांनी निमूटपणे ती स्वीकारली आणि एक्सचेंजमध्ये भरलेली नाणी कधी भरलीच नव्हती असं झालं. साखळीचं विश्लेषण करणाऱ्यांनी हिशेब मांडला तो असा: भाडं सुमारे दोन लाख डॉलर, लूट सुमारे ५६ लाख डॉलर.

पहिल्या दिवशी हा हल्ला आहे हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. कुणा मायनरचं इंटरनेट तुटलं असेल आणि तो एकटाच वेगळी फांदी खणत बसला असेल, असा समज झाला. अशा घटनेची खूण एकच: साखळीचा शेंडा अचानक शेकडो-हजारो ब्लॉक मागे जातो आणि दुसऱ्याच वाटेने वाढलेला दिसतो. ६ ऑगस्टला पुन्हा तेच झालं, २९ ऑगस्टला तिसऱ्यांदा, आणि तेव्हा तर सात हजारांहून अधिक ब्लॉक उलटले. महिन्याभरात तीनदा! कारण प्रत्येक हल्ल्यानंतर भाड्याची यंत्रं जशीच्या तशी शाबूत होती आणि पुन्हा मिळत होती.

म्हणजे अट ही की हल्ल्याला लागेल तेवढी ताकद बाजारात सहज भाड्याने मिळता कामा नये. बिटकॉइनची यंत्रं फक्त त्याच एका सूत्रासाठी बनलेली असतात आणि त्यांतली जवळपास सगळी बिटकॉइनवरच राबत असतात, म्हणून तिथे असं भाडं जमत नाही. एखाद्या लहान साखळीला ‘आम्हीही प्रूफ ऑफ वर्कच वापरतो’ एवढं सांगून बिटकॉइनची सुरक्षितता मिळत नाही. हा फरक गुंतवणूक मागणाऱ्यांच्या जाहिरातींत कधीच सांगितला जात नाही, आणि त्यात माणसं पोळतात.

आता नवा पहारा. ईथिरियमवर व्हॅलिडेटर व्हायचं तर ३२ ईथर ठेव म्हणून ठेवावे लागतात. काळ बारा-बारा सेकंदांच्या खणांत विभागलेला आहे. प्रत्येक खणात चिठ्ठी टाकून निवडलेला एक व्हॅलिडेटर ब्लॉक मांडतो आणि त्या खणासाठी नेमलेले इतर त्यावर मताची सही करतात. असे ३२ खण झाले की एक युग पुरं होतं, म्हणजे ६.४ मिनिटं. युगाच्या सीमेवरचा टप्पा एकूण ठेवीच्या दोन तृतीयांश मतांनी मान्य झाला आणि पुढचाही तसाच झाला, की पहिला टप्पा कायम झाला असं धरतात. साधारण तेरा मिनिटांनी व्यवहार पक्का होतो. मायनिंगमध्ये असा पक्केपणा कधीच येत नाही. जसजसे वर ब्लॉक चढतात तसतशी उलटण्याची शक्यता कमी होत जाते, इतकंच.

पण मत द्यायला वीज लागत नसेल तर दोन्ही फांद्यांवर मत द्यायला काय हरकत? जी जिंकेल तिचं बक्षीस मिळेलच. ठेवीच्या पद्धतीवरचा हा जुना आक्षेप अगदी रास्त होता. २०१२ मध्ये आलेल्या पीअरकॉइनपासून तो चर्चेत होता. ईथिरियमचं उत्तर सह्यांमध्ये आहे. एकाच टप्प्यासाठी दोन वेगळी मतं दिली तर दोन्हींवर त्याच व्हॅलिडेटरची सही असते आणि त्या दोन सह्या हाच पुरावा ठरतो. तो कोणीही साखळीवर मांडू शकतो. मग ठेवीतून कपात होते आणि व्हॅलिडेटरला बाहेर काढलं जातं. याला स्लॅशिंग म्हणतात. दंडाचं प्रमाण फार विचारपूर्वक ठरवलं आहे. एखाद्याच व्हॅलिडेटरकडून चूक झाली तर दंड थोडा, संक्रमणाच्या वेळी एक ईथरच्या आसपास होता आणि २०२५ च्या बदलानंतर आणखी खूप कमी झाला. पण त्याच सुमारास एकूण ठेवीच्या तिसऱ्या हिश्श्याने तोच गुन्हा केला असेल, तर त्या सगळ्यांची जवळपास पूर्ण ठेव जाते.

हिशेब करून पाहावा. संक्रमणाच्या वेळी सव्वाचार लाखांच्या आसपास व्हॅलिडेटर होते आणि ठेव सुमारे १ कोटी ३७ लाख ईथर. परस्परविरुद्ध असे दोन टप्पे कायम करायचे तर किमान एक तृतीयांश ठेवीने दोन्हीकडे मत द्यावं लागतं. म्हणजे ४५ लाखांहून अधिक ईथर, तेव्हाच्या भावाने ७०० कोटी डॉलरपेक्षा जास्त. आणि हे भाडं नव्हे. हल्ल्यानंतर ही ठेव नष्टच होते. क्लासिकवरच्या हल्लेखोराला दुसऱ्या खेपेला तीच यंत्रं मिळाली. इथे दुसऱ्या खेपेसाठी नव्याने तेवढेच ईथर विकत घ्यावे लागतील.

प्रत्यक्षात आजवर स्लॅशिंग झालेल्यांत हल्लेखोर जवळजवळ नाहीत. बहुतेक जण अतिकाळजी घेणारे चालक आहेत. एक संगणक बंद पडला तर मतं चुकू नयेत म्हणून त्याच किल्ल्या दुसऱ्या संगणकावर बसवतात. पहिला पुन्हा जागा होतो, दोघेही मत देतात आणि साखळीच्या दृष्टीने ती दुहेरी सही ठरते. काही तास बंद राहण्याचा दंड अगदी किरकोळ असतो, दोन ठिकाणी चालू राहण्याचा जबर. म्हणून जाणते चालक यंत्र हलवताना दोन-तीन युगं मुद्दाम गप्प बसतात.

पहारेकरी अचानक नाहीसे झाले तर काय होतं, हे दोन्ही पद्धतींत पाहायला मिळालं आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंगवर बंदी आणली आणि बिटकॉइनची निम्म्याहून अधिक ताकद काही आठवड्यांत बंद पडली. दहा मिनिटांना येणारे ब्लॉक रेंगाळू लागले. बिटकॉइन दर २,०१६ ब्लॉकांनी कोड्याची मर्यादा नव्याने ठरवतं. त्यानुसार ३ जुलै २०२१ ला कोडं एकदम सुमारे २८ टक्क्यांनी सोपं झालं आणि गाडी रुळावर आली. कोणाला बैठक घ्यावी लागली नाही.

ईथिरियमवर ११ मे २०२३ ला निम्म्याहून अधिक व्हॅलिडेटरांची मतं येईनाशी झाली. जुन्या टप्प्यांकडे बोट दाखवणारी काही मतं जाळ्यात फिरत होती. ती नियमाला धरूनच होती, पण ती तपासण्यासाठी व्हॅलिडेटर ज्या सॉफ्टवेअर प्रणालींवर चालतात त्यांतल्या काहींना साखळीची जुनी अवस्था पुन्हा पुन्हा मोजावी लागली आणि त्यांची स्मृती व प्रोसेसर तुंबले. ब्लॉक येत होते, व्यवहार होत होते, पण सुमारे २५ मिनिटं नवं काही कायम होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेच तासाभराहून अधिक चाललं. तेव्हा मुख्य साखळीवर प्रथमच एक राखीव तरतूद लागू झाली: गैरहजर राहणाऱ्यांची ठेव हळूहळू झिजवत न्यायची, म्हणजे हजर असलेल्यांचा वाटा कधीतरी दोन तृतीयांशांवर पोचतो. ती फार काळ चालवावी लागली नाही. वेगळ्या बांधणीच्या एका प्रणालीवर चालणारे व्हॅलिडेटर या भाराखाली टिकून राहिले, म्हणून जाळं सावरलं. चुकणाऱ्या प्रणालींच्या दुरुस्त आवृत्त्या लगेच आल्या.

या प्रसंगात नव्या पद्धतीचं खरं दुखणं दिसतं. मायनिंगचे नियम पानभरात मावतात. ठेवीच्या पद्धतीला मतं, समित्या, दंड, झीज, बाहेर पडण्याची रांग हे सगळं लागतं आणि एवढ्या गुंतागुंतीत चुका लपतात. २०२२ च्या सुरुवातीला एकाच प्रणालीवर दोन तृतीयांशांच्या आसपास व्हॅलिडेटर होते. तिच्यात चुकीचा ब्लॉक बरोबर ठरवणारा दोष निघाला असता, तर चूकच ‘कायम’ झाली असती आणि परत फिरू पाहणाऱ्यांना दंडाची भीती आडवी आली असती. तेव्हा जाणकारांनी घसा फोडून सांगितलं, लोकांनी ऐकलं, आणि मतं वाटली गेली.

एका हाती ताकद जमण्याचा रोग दोन्हीकडे आहे. जून २०१४ मध्ये ‘जीहॅश’ या मायनिंग पूलकडे बिटकॉइनची निम्मी ताकद जमली. मायनर घाबरून दुसऱ्या पूलांकडे गेले आणि पूलनेही ४० टक्क्यांखाली राहण्याचं कबूल केलं. ईथिरियमवर ‘लिडो’ ही अनेकांची ठेव एकत्र ठेवणारी व्यवस्था २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या अगदी जवळ पोचली होती. फरक बरं होण्यात आहे. मायनिंगमध्ये बाहेरचा कोणीही कोणाची परवानगी न घेता यंत्रं आणून तोल बदलू शकतो. ठेवीच्या साखळीत नव्या माणसाची ठेवसुद्धा आधीच्या व्हॅलिडेटरांनी ब्लॉकमध्ये घेतली तरच जमा होते. बहुमताने दार लावून घेतलं, तर उरलेल्यांनी ठरवून वेगळी साखळी काढणं आणि त्या बहुमताची ठेव तिथे रद्द करणं एवढाच मार्ग राहतो. तो माणसांच्या एकमतावर चालतो, सूत्रावर नाही.

याच माणसांच्या एकमताचा आणखी एक पैलू रोज भेटतो, तो नवा संगणक जाळ्याला जोडताना. बिटकॉइनचा नवा नोड २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात करतो, प्रत्येक हॅश स्वतः तपासतो आणि सर्वांत जास्त काम झालेली साखळी कोणती हे कोणालाही न विचारता ओळखतो. जुनी वीज नव्याने जाळल्याशिवाय कोणालाही त्याला फसवता येत नाही. ईथिरियमच्या नोडला हे जमत नाही. कधीकाळी व्हॅलिडेटर असलेल्या आणि ठेव काढून केव्हाच निघून गेलेल्या लोकांच्या जुन्या किल्ल्या कोणी गोळा केल्या, तर त्या काळापासून फुटणारा एक खोटा इतिहास फुकटात सही करून रचता येतो. दंड करायला त्यांची ठेव आता शिल्लक नसते. म्हणून नव्या नोडला एक ताजा, खात्रीचा टप्पा बाहेरून द्यावा लागतो. लाइटहाऊस या प्रणालीत तो `--checkpoint-sync-url` या पर्यायाने देतात. ज्या पत्त्यावरून हा टप्पा घेतला तो खोटा असेल, तर नोड आयुष्यभर खोट्या साखळीवर सुखाने चालत राहील. म्हणून काळजी घेणारा चालक त्या टप्प्याचा ठसा, `0x` नंतर ६४ अक्षरं असलेली ती ओळ, आणखी दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. एखाद्या मित्राचा नोड आधीपासून चालू असेल तर त्याला फोन करून ती वाचून घेतो, आणि मगच आपला नोड सुरू करतो.